छातीचा दोष सोयाबीनवर

चौदाव्या वर्षी माझ्या पोराची छाती फुगली, तर दिरानं सोयाबीनच्या वड्यांवर खापर फोडलं. देवळी गावात जन्मभर सोयाबीन पेरणारा माणूस! वर चारचौघांत पोराला "बाई" म्हणाला.

मी पोराला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही स्तनाग्रांखालची रबरासारखी, हलणारी चकती चाचपली, चालू औषधं विचारली, अंडकोषही तपासले. म्हणाले, "वयाचं आहे, बहुधा दोनेक वर्षांत जाईल. कडक, न हलणारी गाठ लागली किंवा स्तनाग्रातून पाणी, रक्त आलं, तर लगेच या."

दीर फणकारला, "छातीसाठी खाली काऊन पाह्यलं?"

"अंडकोषातल्या गाठीनंबी छाती वाढते. त्याले नाई. त्याची छाती उतरून जाईन, भाऊजी. तुमाले अक्कल कधी येईन?"