एका डब्यातल्या गोळ्या

पांढुर्ण्यात माझ्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की औषध कंपनीने मला हाकलून दिले, म्हणून मी गाव सोडले. दुसरी अशी की मी सौंसरच्या एका बाईला प्रयोगाच्या गोळ्या चारून मारले. दुसरी गोष्ट माझ्या चुलतभावाने परवा एका निरोपसमारंभात, मी समोर बसलेलो असताना, हसत हसत सांगितली. मी तिथेच उठून त्याला खोटा म्हटले; पण माईक त्याच्या हातात होता आणि टाळ्याही त्यालाच मिळाल्या. म्हणून आता लिहितो. ज्यांना खोडायचे असेल त्यांनी माझ्या हयातीत खोडावे.

आमच्या काळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, बी.एस्सी. झालेल्या मुलासमोर दोनच दारे उघडी आहेत असे आमच्याकडे समजले जाई: बी.एड. करून शाळेत शिकवावे, नाहीतर रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चिकटावे. माझे काका मुख्याध्यापक होते. प्राणिशास्त्र घेऊन मी उत्तीर्ण झालो त्याच दिवशी त्यांनी माझी नोकरी मनातल्या मनात पक्की करून टाकली. मी मात्र एका औषध कंपनीचा प्रतिनिधी झालो. गळ्यात टाय, हातात काळी बॅग, आणि पांढुर्णा-तिगाव-सौंसर अशी दवाखान्यांची फेरी. काका ओसरीवरून ओरडत, "काय हो झोलेवाले, आज किती डाक्टरांच्या पाया पडून आले?" मी उत्तर द्यायचो, "तुमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा डाक्टर लवकर समजतात, काका."

दोन-तीन वर्षांनी कंपनीने मला मुंबईच्या वैद्यकीय विभागात घेतले; कायम नव्हे, पारखून पाहण्यासाठी. तिथे पहिल्यांदा डोळे उघडले. एक गोळी बाजारात येण्याआधी किती माणसे तिच्यामागे राबतात, हे महाविद्यालयात कुणीच सांगितले नव्हते. माझ्याच पदवीची माणसे औषध नियंत्रकाच्या प्रश्नांना उत्तरे लिहीत होती, दुष्परिणामांच्या बातम्या गोळा करीत होती, औषधाच्या खोक्यात घालायचा माहितीचा कागद तयार करीत होती. सूक्ष्मजीवशास्त्राची एक मुलगी कारखान्यात मोठाल्या टाक्यांत जंतू वाढवून त्यांच्याकडून प्रतिजैविक बनवून घेत असे. जैवतंत्रज्ञान हा शब्द मी तिच्या तोंडून प्रथम ऐकला. माझे काम होते चाचणीवर देखरेख करण्याचे. नवे औषध रोग्यांवर ठरल्याप्रमाणेच तपासले जाते आहे ना, डॉक्टर लिहितात ते घडले आहे ना, हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. मला सौंसरची चाचणी दिली, ती संपेपर्यंत मुक्काम पांढुर्ण्याच्या घरी; ती नीट पार पडली तर मी त्या विभागात कायम होणार होतो. नाहीतर पुन्हा काळी बॅग, किंवा काकांची शाळा.

चाचणी सांधेदुखीच्या गोळीची होती. नागपूरचे एक अस्थिरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा सौंसरला दवाखाना चालवीत; तेच चाचणीचे प्रमुख. निम्म्या रोग्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी, रंगाने आणि आकाराने हुबेहूब सारखी. प्रत्येकाची बाटली वेगळी, तिच्यावर फक्त क्रमांक. कोणाला कोणती मिळाली हे रोग्याला माहीत नसे, डॉक्टरांनाही नसे आणि मलाही नसे. कारण माहीत असले की डॉक्टर नव्या गोळीला जास्त गुण देऊन बसतो. प्रत्येक क्रमांकाचा एक बंद लिफाफा डॉक्टरांच्या कपाटात असे. जिवावर बेतले तरच तो फोडायचा. रोगी पुढच्या खेपेला बाटली परत आणत असे आणि उरलेल्या गोळ्या आम्ही मोजून घेत असू.

बहुतेक रोगी एकाच वस्तीतले होते. संत्र्याच्या बागांत आणि कपाशीत राबणारे, एकाच आवारात नांदणारे. चाचणीत येताना प्रत्येकाचा संमतिपत्रावर अंगठा घेतला होता. माझ्या खेपांत प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या अगदी हिशेबाप्रमाणे निघत. मुंबईला मी हे अभिमानाने कळवले. शहरातले रोगी गोळ्या विसरतात, आमचे शेतकरी विसरत नाहीत, असेही लिहिले.

मग एका खेपेला एक बाई आली नाही. वस्तीतल्या दोन जावांपैकी ती थोरली. दोघीही चाचणीत होत्या. रोगी न आल्यास घरी जाऊन कारण विचारायचे, ही पद्धत. दुपारी मी वस्तीवर पोचलो. धाकटी जाऊ अंगणात संत्री निवडत होती.

"थोरल्या बाई कुठे आहेत?"

"निजून हायेत. चार दिस झाले, उठलं का चक्कर येऊन राहिली. या ना साहेब, बसा."

"गोळ्या घेत होत्या ना?"

"घेत नाही त काय! तिले त आमी जास्तच देतो."

मला कळले नाही. "जास्त म्हणजे?"

तिने पदराला हात पुसले, आत गेली आणि शेंगदाण्याचा स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण उघडले. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. एका बाटलीतल्या नव्हेत. अख्ख्या आवाराच्या होत्या.

"हे काय केलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काहून? वाटून घेतो आमी. एकीले गुण आला न् दुसरीचे गुडघे तसेच, हे बरं दिसते का? मंग म्हटलं, समद्याइच्या एकत्र करा. ज्याचं दुखणं जास्त त्यानं जास्त घ्या, ज्याचं कमी त्यानं कमी. जामसावळीच्या मारुतीचा प्रसाद नाही का वाटत आपुन?"

"आणि दवाखान्यात यायच्या दिवशी बाटल्या?"

"आदल्या दिसी भरतो ना बाप्पा! तुमी मोजता, मालूम हाय आमाले. समद्याइच्या सारख्या भरतो, म्हंजे तुमाले बी भांडण नाही." आणि ती हसली. तिला वाटले, माझी सोय केली.

मी ज्याचा मुंबईला गौरव केला होता तो हिशेब इतका चोख का निघत होता, हे तेव्हा समजले. कमी दुखणाऱ्यांनी वाचवलेल्या गोळ्या जास्त दुखणाऱ्या बाईच्या पोटात गेल्या होत्या आणि एकूण बेरीज बरोबर राहिली होती.

मी आत गेलो. थोरली बाई खाटेवर होती. ओठ पांढरे, नाडी घाईने चाललेली. मी विचारले ते कोणताही प्रतिनिधी विचारील: शौचाला कशी होते? धाकटी जाऊ लाजली, मग म्हणाली, "काळी. डांबरावाणी." पोटात रक्त झिरपत होते. या वर्गाच्या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात हे मी डॉक्टरांना रोज तोंडपाठ सांगत असे. समोर असे कधी पाहिले नव्हते.

शेजारच्या बागवाल्याच्या जीपमधून आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सलाइन लावले आणि ते कपाटाकडे धावले. तिच्या क्रमांकाचा लिफाफा काढून ते फोडणार, तोच मी त्यांचा हात धरला.

"फोडू नका, साहेब."

"वेडे आहात का? तिला काय दिलं ते कळायला नको?"

"लिफाफा बाटली सांगेल. तिने खाल्लं ते कोणत्याच बाटलीतलं नाही." आणि मी डब्याची गोष्ट सांगितली.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं."

"गोळ्या आताच्या आता बंद करा, वस्तीतल्या एकूणएक माणसाच्या. हिला नागपूरला घेऊन चला, रक्त द्यावं लागेल." मी तिच्यासोबत जीपने नागपूरला गेलो. ती वाचली. माझ्या चुलतभावाने हे वाक्य दोनदा वाचावे. ती वाचली, आणि पुढल्या हंगामात कपाशी वेचायलाही उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला काकांनी मला समजावले. इतके मवाळ बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते. "अरे, बाई वाचली ना? मग मुंबईले कायले सांगतो? गोळ्या बरोबर भरल्या, बेरीज बरोबर आहे. नोकरी पक्की होऊ दे, मग सांग तुला सांगायचं ते."

"मग पुढे जो ही गोळी खाईल त्याला खोट्या आकड्यांवर खायला लावायची?"

"तू शिकवायला आला असतास तर एवढा सत्यवादी चालला असतास. व्यापारात नाही चालत."

मी पोस्टातून ट्रंक कॉल लावला आणि वैद्यकीय विभागाच्या प्रमुखांना सगळे सांगितले. तिकडून एवढेच उत्तर आले: "कागदपत्रं घेऊन इकडे या." मी निघालो. त्याच आठवड्यात मी गेलो, म्हणून गावाने हकालपट्टीची कथा रचली.

मुंबईला प्रमुख संतापलेले होते. सौंसरचे सर्व रोगी चाचणीतून बाद, कित्येक महिन्यांचे काम पाण्यात. ते म्हणाले, "अडाणी लोकांवर चाचणी करू नये, हा धडा."

मी उभा राहिलो. माझी नोकरी त्या टेबलावर होती हे मला पुरते ठाऊक होते. "ते अडाणी नाहीत, साहेब. त्यांनी न्याय केला. आपण त्यांना एकच सूचना दिली: गोळी नियमित घ्या. वाटू नका असं कुणीच सांगितलं नाही. कारण आपल्या डोक्यातच आलं नाही की कुणी आपलं औषध शेजारणीला देईल. संमतिपत्र इंग्रजीत आहे. अंगठा मराठीत आहे."

खोलीत बसलेल्या इतर दोन अधिकाऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले जणू मी टेबलावर थुंकलो. प्रमुखांनी चष्मा काढला. मी आवराआवर करण्याच्या तयारीत होतो. त्यांनी विचारले, "तुम्ही लिहून द्याल? मराठीत? हिंदीतही?"

एवढेच. मला काढले नाही. रोग्यांना द्यायच्या सूचना लिहिण्याच्या आणि देखरेखीला जाणाऱ्या पोरांना तयार करण्याच्या कामावर मी कायम झालो. एका आवारातले एकापेक्षा अधिक रोगी घ्यायचे नाहीत, हा नियम त्या विभागात माझ्यापासून आला.

पहिला मसुदा घेऊन मी सौंसरला त्या धाकट्या जावेकडे गेलो. कळतो का ते तपासायला. मी वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला, थोरलीही दारात येऊन बसली होती.

"वाटू नका, हे समजलं," धाकटी म्हणाली. "पन ज्याले गुणच नाही आला, त्यानं काय करावं? बघत बसावं?"

त्या प्रश्नाने मला डब्यापेक्षाही मोठा धक्का बसला, कारण उत्तर संमतिपत्रात होते आणि त्या दोघींना कुणी सांगितले नव्हते. मी म्हणालो, "त्यानं डाक्टरले सांगावं आणि पाहिजे तेव्हा चाचणी सोडावी. कोणी रागावणार नाही. दुसरं औषध मिळेल."

"कधीबी सोडता येते?"

"कधीबी."

थोरली दारातून म्हणाली, "मंग हे वरतं लिहा. पह्यले."

मी तिथेच अंगणात बसून मसुद्याची पहिली ओळ खोडली आणि वर लिहिले: "चाचणी कधीबी सोडता येते."