हुंडीवरचं कुंकू

माझा स्वभाव संशयी. देवळात हात जोडतानाही माझं अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांवर असायचं. त्यामुळे ही हकीकत सांगताना थोडी लाज वाटते.

धाकटा भाऊ लंडनला डॉक्टरी शिकत होता. त्याच्या वर्षाच्या फीसाठी मी ठाण्यातल्या कोपरीच्या एका दलालामार्फत मुंबईच्या बँकेतून लंडनवरची हुंडी घेतली. अशा हुंडीच्या दोन प्रती मिळतात. एक या डाकेनं पाठवायची, दुसरी पुढच्या; एक वटली की दुसरी आपोआप रद्द. मला ते पटेना. कुणी दोन्ही वटवल्या तर? म्हणून मी पहिलीच पाठवली आणि दुसरी कल्याणच्या घरी देव्हाऱ्यात, कुलस्वामिनीच्या टाकामागे दडवली.

बुधवारी भावाची तार आली. सही डागाळल्यामुळे तिथल्या बँकेनं हुंडी परत केली होती, आणि शुक्रवारपर्यंत फी न भरल्यास कॉलेजातून नाव कमी होणार होतं. डाकेला तीन आठवडे लागतात, म्हणजे दुसरी प्रत पाठवूनही उपयोग नव्हता. डाग कसला असेल? माझ्या मनात आधी भावाची दारूच आली, मग दलालाची लबाडी.

गुरुवारी सकाळी ती प्रत खिशात घालून मी दलालाला जाब विचारायला ठाण्याला उतरलो. त्याच्या घराला कुलूप. पळाला, असं मी ठरवूनच टाकलं. जवळच्या शंकराच्या देवळाच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. देवा, आता तूच बघ, असं तोंडातून गेलं.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ जप करत होते. त्यांनी चौकशी केली. त्यांची हयात बँकेत हुंड्या लिहिण्यात गेली होती. मी तार आणि प्रत दाखवली, पण प्रतीचा कोपरा काही हातातून सोडला नाही. ते हसले.

"पाठवताना कुंकू लावलंत?"

"हो, हळदकुंकू दोन्ही."

"कुठं?"

मी बोट ठेवलं ते बँकेच्या साहेबाच्या सहीवरच. सगळं मोल सहीचं, म्हणून शुभ बोटही मी तिथंच उमटवलं होतं. भावाच्या दारूचा म्हणून धरलेला डाग माझ्याच बोटाचा होता.

"तिकडच्यांना ती खाडाखोड वाटते," ते म्हणाले. "ही बिनडागाची प्रत बँकेत परत करा, म्हणजे दोन्ही वटायची भीती उरणार नाही आणि ते तारेनं कळवतील. मुंबईची पुढची गाडी धरा."

बँकेच्या साहेबानं प्रत वहीशी ताडून पाहिली, ती रद्द केली आणि माझ्या खर्चानं, ठरलेले खुणेचे शब्द घालून लंडनला तार केली: पहिली प्रत खरी आहे, पैसे द्यावेत. शनिवारी भावाची तार आली, फी भरली होती. दलाल सासुरवाडीला गेला होता, एवढंच.

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर खरं की खोटं याची चौकशीही केली असती. अविश्वासानं दडवलेला कागद देवीनं कोरा राखला आणि उपयोगी आणला, याहून मोठी कृपा मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी दोन्ही प्रती वेळेवर पाठवल्या. कुंकू फक्त देवीला लावलं. मग देवळात गेलो, आणि बाहेर येईपर्यंत चपलांची आठवणही झाली नाही.