दोन वर्षं नेमकी कधीपासून?

नोकरीविना नऊ महिने घरी बसलेल्या ताईने ऑफरचं पत्र हातात धरून भरतीवाल्या मॅडमना फोन लावला. पाच वाजेपर्यंत होकार द्यायचा होता आणि नवऱ्याची बदली दोन वर्षांनी ठरलेलीच होती.

“मॅडम, नोकरी न सोडण्याचा दोन वर्षांचा बाँड कधीपासून मोजायचा?”

“अगं डिअर, ती नुसती फॉर्मॅलिटी असते गं,” मॅडमनी मधाळ सूर लावला. “सगळे डोळे मिटून सही करतात.”

“मीही करीन. पण रुजू झाल्यापासून की सहा महिन्यांचं ट्रेनिंग संपल्यापासून?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “ट्रेनिंग संपल्यापासून.”

म्हणजे अडीच वर्षं. बदली त्याआधीच होणार, ताईने हिशोब केला. “मधेच सोडलं तर दोन लाख भरायचे. जितके महिने काम केलं, तितक्या महिन्यांचे कमी होतात?”

“तसं लिहिलेलं नाही, पण कंपनी समजून घेते.”

“मग एवढंच मेलवर लिहून द्याल?”

सूर एकदम आंबला. “फारच खोलात शिरतेस बाई. तुझ्यामागे रांग लागलीये.”

ताईने तरी मेल केला: बाँड रुजू झाल्यापासून मोजणार असाल तर आत्ता होकार देते. मग नखं कुरतडत ती फोनच्या पडद्याकडे बघत बसली. चार पन्नासला उत्तर आलं: “अटी पत्रात दिल्याप्रमाणेच.”

तिने ऑफरच्या मेलमधल्या होकाराच्या बटणाजवळ दहा मिनिटं बोट धरून ठेवलं. मग पाच वाजले आणि बटणच करडं होऊन बंद झालं.

“वकिलीणबाई, काय निकाल?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“उद्यापासून पुन्हा अर्ज,” ताई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.