पॉलिस्टरचा निळा टी-शर्ट आणि खिडकीजवळची खुर्ची

पोलीस भरतीची तयारी करत होतो, तेव्हा गेवराईत माझ्या घामाची कीर्ती पार गोदावरीच्या पलीकडं गेली होती. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळायचं, गोळा फेकायचा, नळाखाली तोंड धुवायचं आणि तिथून थेट अभ्यासिका. माझं गाव लांब. घरी जाऊन कपडे बदलून यायचं तर अर्धा दिवस गेलाच. म्हणून अंगात तोच पॉलिस्टरचा निळा टी-शर्ट. वर्षभर वापरलेला. तो नुसता वाळत घातला तरी कावळे दोरी बदलायचे.

एका गुरुवारी अभ्यासिकेच्या मालकांनी मला दाराशीच अडवलं. ते निवृत्त मास्तर, आवाज न चढवता माणसाला उठबशा काढायला लावतील असे.

"आज गुरुवार. पुढच्या गुरुवारपर्यंत ह्या वासाचं बघा. न्हाई तर तुमची खिडकीजवळची खुर्ची दुसऱ्याला. लाईन लागलीय बाहेर."

लेखी परीक्षा महिन्यावर. घरी सहा माणसं, एक खोली आणि दिवसभर चालणारा टीव्ही. ती खुर्ची गेली तर माझी वर्दीही गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी मी युद्ध पुकारलं. बोअरचं पाणी खळाखळा उकळलं, दोन मुठी साबणपावडर टाकली, वरून कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी अर्धी बाटली ओतलं. सकाळी टी-शर्टाला असा जाईचा वास, की गल्लीत लग्न आहे समजून दोघी-तिघी डोकावून गेल्या. मी मान ताठ करून पळालो. चौथ्या फेरीला अंग तापलं आणि जाईच्या मांडवाखाली बोकड मरून पडल्यासारखं झालं.

अभ्यासिकेत माझ्या मागच्या खुर्चीवर युसूफ वडगाव या गावची एक मुलगी बसायची. तीही भरतीवालीच, आधी कबड्डी खेळलेली. तिनं पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "दादा, कंफर्ट टाकलं व्हतं का?"

"अर्धी बाटली, ताई."

"तरीच. ह्या धाग्याला अंगाचं तेल चिकटून बसतं, त्यावर जंतू पोसतात. तुमी वरून सुगंधाचा थर दिला, म्हणजी त्यांना पांघरूण घातलं. त्यात बोअरचं जड पाणी आन् दोन मुठी पावडर. ती निघती कशानं?"

"मग जाळू का त्याला?"

"जाळून वर्दी मिळती का? लिहून घ्या."

मी इतिहासाच्या वहीतच लिहून घेतलं. टी-शर्ट उलटा करायचा. एक वाटी पांढरं व्हिनेगर, चार वाट्या गार पाणी, त्यात अर्धा तास. नीट खंगाळून मग हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात एन्झाइमवाली, म्हणजे घामाचे डाग खाणारी पावडर, पाकिटावर लिहिलीय तेवढीच, आणि त्यात दोन तास. काखा हातानं चोळायच्या. पाणी नितळ होईस्तोवर धुवायचं. सुगंधी पाणी बंद. ओला गोळा पिशवीत कोंबायचा नाही, वाऱ्यावर पूर्ण वाळवायचा.

"आन् व्हिनेगरात ब्लीच कधी मिसळू नका, इखारी वायू निघतो," ती म्हणाली. "गार टी-शर्ट हुंगून खूश व्हायचं न्हाई. घालून पळा, मंग हुंगा."

व्हिनेगर आणायला चौकातल्या चायनीजच्या गाड्यावर गेलो.

"किती प्लेट?" त्यानं कढई हलवत विचारलं.

"प्लेट न्हाई. टी-शर्ट शिजवायचाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, एक पाऊल मागं सरला आणि बाटलीच हातात दिली.

शुक्रवारी भिजवला. पाणी असं गढूळ निघालं, की त्यात म्हैस बसली असती. शनिवारी पळून बघितलं. बोकड गेला होता, पण त्याची आठवण काखेत होती. रविवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून, व्हिनेगर, कोमट पाणी, चोळणं, आणि धुवायचं पाणी चार वेळा बदललं. बोटांच्या सुरकुत्या बघून आई म्हणाली, "तू पोलीस व्हणारेस का परीट?" मी टी-शर्टाची काख चोळत राहिलो. सोमवारी पळालो, हुंगलं. काही नाही. विश्वास बसेना म्हणून मंगळवारी दोन फेऱ्या जास्त पळालो. तरी काही नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी अभ्यासिकेतून घरी आलो, की जेवणाआधी टी-शर्ट पाण्यात.

गुरुवारी मी घामानं निथळत दारात उभा राहिलो. मालकांनी मला त्यांच्या टेबलाला लागून बसवलं आणि वरचा पंखा बंद केला.

"बसा. बारापर्यंत."

मी तव्यावरच्या भाकरीसारखा वाफाळत होतो. मालक वर्तमानपत्र वाचत होते, मधूनच नाक माझ्याकडं वळवत होते. मागं ती मुलगी पानं उलटत होती, जरा जास्तच जोरात. बाराला मालकांनी पंखा लावला.

"जावा, खिडकीजवळ बसा. आन् रोजच्या रोज धुवा."

मी जाऊन बसलो आणि वेळ-वेगाची गणितं उघडली.