सासूसमोरचा 'शी'

कोरियातल्या आन्दोंगच्या पिलनामने चाळीस वर्षं सासूसमोर नवऱ्याबद्दल बोलताना क्रियापदात 'शी' हा मानाचा कोरियन प्रत्यय घातला नाही. शेजारणींना ती "ते शेतावर गेले" सांगायची, सासूला मात्र "शेतावर गेला". आईपुढे मुलाला मान द्यायचा नाही, ही त्या घरची जुनी रीत होती.

नवरा वारला. तिथल्या रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी, तिरडी उचलण्याआधी, एकदा तरी त्याच्याबद्दल मानानं बोलावं असं तिला फार वाटलं. पण सासू शेजारीच बसलेली.

"घाल गं आज 'शी'," सासूच म्हणाली. "आगाऊ कुठला! माझ्याआधी पोचला. आता तोच मोठा."

"आई, ते... गेले," पिलनाम 'शी' घालून कशीबशी म्हणाली.

म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "म्हणजे खरंच गेला गं माझा पोरगा."