चंपामावशीच्या नावाची ओळ

मेडशीची चंपामावशी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगत आली. नवरा गेला तवा मंजू पाळण्यात होती. मावशीनं तिले शिकवलं, पुण्याले धाडलं. दीर धनराज अन् त्याची बायको तवा कोठी मेले होते, देव जाणे! आता मंजूचं लगन जमलं, अन् मावशी एकलीच माह्या दुकानात पत्रिका बनवाले आली.

"नीलिमा, पोरी, पत्रिकेत माहं नाव टाकजो. मले दुसरं काही नाही पायजे."

एकाच पानावर मराठी अन् इंग्रजी बसवायचं म्हणजे डोक्याले ताप. मराठीच्या ओळी वेलांट्या-मात्रांपायी फाकवून ठेवा लागतात. कटिंगसाठी रंग चारीकडून तीन मिलिमीटर बाहेर सोडा, अक्षरं कडेपासून आत घ्या. जागाच उरेना. मंग मी इंग्रजी बारीक केली, कडेची वेल उडवली, अन् गणपतीखालच्या तिसऱ्या ओळीत मावशीले बसवलं. खाली इंग्रजीतही.

मावशीले वाचता येत नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे मी?"

"हे तू. अन् हे खाली, इंग्रजीतली तू."

अशी हासली बाई! पदर तोंडाले लावून हासली.

छापखान्यात माहा मराठी फॉन्ट नाही. म्हणून आखरीले अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते चित्रासारखे आकार, करून पीडीएफ धाडा लागते, नाही त तिकडे नुसता कचरा उमटते. पण कर्व्ह केल्यावर टाइप करून काही बदलता येत नाही. म्हणून आधी नमुना मंजूले व्हॉट्सअॅपवर धाडला. मावशी बाकावर बसून राह्यली.

मंजूनं बोलून धाडलेला मेसेज आला मोबाइलवर. मावशी म्हणे, "वाजव न पोरी, काय म्हणते माही बाई?"

मी वाजवलं.

"ताई, आईचं नाव काढून टाका. सासूबाई म्हणतात, विधवेचं नाव पत्रिकेत अपशकुनी दिसतं. मलाही तसंच वाटतं. धनराजकाका आणि काकूंचं टाका. जागा उरली तर मोर टाका."

माह्या अंगाची लाही लाही झाली. अव कारटे, त्या अपशकुनी हातानंच त तुले घास भरवला! शब्द ओठावर आले होते, पण मावशी समोर होती.

मावशीनं पदर सारखा केला. मंग म्हणे, "टाक मोर. चांगला टाक."

मी मराठीतली ओळ पुसली, दीर-जावेचं नाव घातलं, बाजूले मोर बसवला. इंग्रजीतलं राहू द्यावं, म्हटलं मनात. बारीक आहे, कोण पायते?

कर्व्ह कराले हात गेला, तर मावशी उठून पडद्याजवळ आली.

"पोरी, ते इंग्रजीतलंही पुस. राहून गेलं त मंजू रागवीन."

अन् कोठी आहे ते तिनंच बोट ठेवून दाखवलं.