तिसऱ्या रकान्यातलं उदाहरण

पेडागॉजी, अँड्रागॉजी आणि ह्यूटागॉजी यांतला फरक स्पष्ट करा, हा एम.ए. शिक्षणशास्त्राच्या पेपरातला माझा लाडका प्रश्न. त्याचं आदर्श उत्तर मी लिहिलेलं होतं आणि आमच्या क्लासची मुलं ते धडाधड म्हणून दाखवायची. कागदावर तीन रकाने, डावीकडे मुद्दे. नीटनेटकेपणाची मला भारी हौस, आणि ती कुठे नडेल याची मला कधी काळजी वाटली नाही.

दिवसा मी कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी इंदूरच्या पलासिया भागात, एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये. कॉलेजच्या शिक्षकांना खासगी क्लास घ्यायची मनाई होती, म्हणून माझ्या नोट्सवर माझं नाव नसायचं. वडील मिलच्या टाइम ऑफिसात होते. मिल बंद पडली ती पडलीच, आणि जुन्या इंदूरमधलं आमचं घर माझ्या नोकरीवर चालायला लागलं. नोकरी गेली तर काय, या धास्तीतच माझी ती वर्षं गेली.

त्या क्लासला एक गृहस्थ यायचे, चाळिशी ओलांडलेले. आमच्यासारखंच मराठी घर, माझे वडील आणि ते दोघंही एकाच मिलमध्ये. हे साचाखात्यात, म्हणजे विणकामाकडे, मागांची दुरुस्ती बघायचे. मिल बंद झाल्यावर त्यांनी बी.एड. केलं, एका छोट्या शाळेत लागले आणि आता बाहेरून एम.ए. करत होते. तेव्हा शहराभोवती बी.एड. कॉलेजं पटापट उघडत होती. तशाच एका कॉलेजने त्यांना शब्द दिला होता: एम.ए.ला पंचावन्न टक्के आणा, लेक्चरर म्हणून घेतो. त्यांना शिक्षकांचे शिक्षक व्हायचं होतं, आणि पंचावन्न टक्क्यांवर सगळं अडलं होतं.

एके दिवशी मी तीन रकाने फळ्यावर काढले. पेडागॉजीत काय शिकायचं, कसं आणि कधी, हे शिक्षक ठरवतो; शिकणारा त्याच्यावर अवलंबून. अँड्रागॉजीत शिकणारा प्रौढ असतो, अनुभव घेऊन येतो, हे मला कशाला हवं म्हणून विचारतो आणि समोरच्या अडचणीपुरतं शिकतो, शिक्षक सोबतीला. ह्यूटागॉजी, हिंदीत आत्मनिर्धारित अधिगम, हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. तिच्यात ध्येय, वाट आणि शिकलो की नाही याची पारख, सगळं शिकणाऱ्याच्या हाती. शिवाय तो स्वतःच्या शिकण्याच्या पद्धतीवरही शंका घेतो. पहिल्या दोहोंची उदाहरणं माझ्याकडे होती. तिसऱ्या रकान्यात खडू अडला.

मागच्या बाकावरून ते म्हणाले, "मॅडम, मी सांगू? मिलमध्ये लागलो तेव्हा जॉबर, आमचा मुकादम, बोलायचा, मी करतो तसं कर, सवाल नको. ते तुमचं पहिलं झालं. मिल बंद झाली, तर सरकारने मोटर वायंडिंगचा कोर्स दिला. तिथले सर आम्हाला विचारायचे, तुमच्याकडे मोटर कशाने जळायची? ते दुसरं. पण कोर्स करून काम काही भेटलं नाही."

"मग?"

"मग मी सांवेर रोडच्या कारखान्यांत जाऊन बस कान लावून बसायचो. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचा, हे मीच ठरवलं. वही केली. डोळे मिटून आधी अंदाज लिहायचा, मशीन खोलल्यावर ताळा बघायचा. सहा महिने झाले तरी अर्धे अंदाज गलत. तेव्हा समजलं, मी आवाज ऐकतच नव्हतो, मागाचा ओळखीचा आवाज शोधत होतो. मग मागाचं सगळं बाजूला ठेवलं आणि नव्याने ऐकायला बसलो."

मला इतका आनंद झाला की मी पूर्ण फळा त्यांच्यासाठी पुसला. दुहेरी वळशाचं शिक्षण म्हणतात ते हेच, मी वर्गाला सांगितलं: चूक सुधारणं हा एक वळसा, आणि चुकीमागची आपली समजूतच तपासणं हा दुसरा. हेही सांगितलं की हे तीन रकाने वयाचे नाहीत. एकच माणूस आज एकात असतो, उद्या दुसऱ्यात. तेव्हा मी हे फक्त शिकवत होते.

आठवडाभरात नव्या नोट्स निघाल्या. तिसऱ्या रकान्यात "एका मिल कामगाराचं" उदाहरण होतं, वहीसकट, मिटलेल्या डोळ्यांसकट. त्यांना मी विचारलं नव्हतं. नोट्स चाळून ते हसले. "मॅडम, तुम्ही तर मला छापूनच टाकलं." मी ते कौतुक समजले.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते आणि कॉलेजकडून त्यांच्या शेजारी मी. पहिल्या मुलीला त्यांनी ह्यूटागॉजीचं उदाहरण विचारलं. "सर, एक मिल मज़दूर था," तिने सुरुवात केली. दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसरीनेही तेच. चौथ्या वेळी परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

मग ते मिलमधले गृहस्थ आत आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. फरक त्यांनी कुणाहीपेक्षा चांगला सांगितला. मग उदाहरण. "सर, मैं मिल में था," ते म्हणाले.

परीक्षक माझ्याकडे वळून हसले. "लीजिए, ये तो ख़ुद ही मज़दूर बन गए।" मग त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आत्मनिर्धारित अधिगम पर भी रटा हुआ उत्तर? किसके नोट्स हैं ये?"

त्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. एका वाक्याचं काम होतं: सर, ही यांचीच गोष्ट आहे, नोट्स माझ्या आहेत. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी समोरची यादी सरळ केली.

"सर, ऐसे ही कहीं पढ़ा था," ते म्हणाले.

स्वतःचं आयुष्य त्यांनी कुठेतरी वाचलेलं ठरवलं, माझ्यासाठी. परीक्षकांनी गुण मांडले, कागद माझ्याकडे सरकवला, आणि मी सही केली. मी भित्री आहे, हे त्या दिवशी मला लख्ख कळलं, आणि कळूनही मी दुपारी जेवले.

त्यांचे पंचावन्न टक्के थोडक्यात हुकले. त्या बी.एड. कॉलेजने दुसऱ्याला घेतलं. मी नोट्समधून ते उदाहरण काढून टाकलं, जणू तेवढ्याने फिटलं.

जूनमध्ये ते पुन्हा क्लासला आले, श्रेणी सुधारायला परत बसणार होते. मी जिन्यातच त्यांना गाठलं आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं."

"जाऊ द्या मॅडम. तुमची नोकरी गेली असती." त्यांनी नवी वही उघडली, कठड्यावर टेकवली आणि पेनचं टोपण काढलं. "माझं उदाहरण तर आता चालणार नाही. तिसऱ्यासाठी तुम्हीच एखादं सांगा, मी पाठ करतो."

मी एक रचलेलं उदाहरण सांगितलं, सावकाश, स्वल्पविरामांसकट. ते खाली मान घालून लिहून घेत होते. मध्ये एकदा थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, एवढंच लिहू, की अजून काही आहे?"